डोनटचा पांढरा पट्टा आणि तेल पिणारं पोट

प्रश्न: "दादा, घरी यीस्टचे डोनट करते. लोखंडी कढईत दीड लिटर तेल, एका घाण्यात पाच-सहा रिंग. तापमान मोजायची गन १८० दाखवते, तरी पहिला घाणा बरा येतो आणि पुढचे तेलकट. दुकानातल्यासारखा मधला पांढरा पट्टा एखाद्यालाच येतो, बाकीचे सगळीकडून तपकिरी. आतून तर पिळलं की तेल निघेल असं वाटतं. तापमान कमी करू की जास्त?"

ताई, उत्तर 'कमी'ही नाही आणि 'जास्त'ही नाही. तुमचं तेल १८० वर आहे हे खरं, पण फक्त डोनट टाकायच्या क्षणापर्यंत. पुढच्या दोन मिनिटांत ते कुठे जातं, हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही. नाशिकला माझी छोटी बेकरी आहे. तिथे डोनट सुरू केले तेव्हा पहिले दोन महिने मीही गनवरचा आकडा बघून निश्चिंत व्हायचो आणि संध्याकाळी तेलकट माल घरी न्यायचो.

आधी एक खात्री करून घ्या. "आतून तेलकट" असं मला जे लोक सांगतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट तेलकट नसतं, कच्चं असतं. ओलसर, चिकट पीठ जिभेला तेलकटच वाटतं. डोनट पूर्ण गार झाला की मधून फाडा आणि आतला भाग साध्या पांढऱ्या कागदावर अंगठ्याने दाबा. कागदावर ओला डाग पडेल. अर्धा तास पंख्याखाली ठेवा. डाग वाळून नाहीसा झाला तर ते पाणी होतं, म्हणजे डोनट कच्चा राहिला. कागद तिथे पारदर्शक होऊन तसाच राहिला तर मात्र तेल. दोन्हींची औषधं उलट आहेत. कच्च्या डोनटला थोडं कमी तापमान आणि जास्त वेळ लागतो. तेल प्यायलेल्या डोनटला यातलं काही दिलं तर तो आणखी पितो. तुमचे पुढचे घाणे बिघडतात, त्यावरून ते तेलच असावं असं धरून पुढचं लिहितो.

आता पट्ट्याकडे येऊ. आमच्याकडची पोरं त्याला कंबरपट्टा म्हणतात. तो भाजण्याच्या कमी-जास्तीने येत नाही, डोनट तेलात किती बुडतो यावर येतो. तापलेलं तेल लिटरला साधारण ८२० ग्रॅम भरतं. पन्नास ग्रॅमची रिंग फुगून १०० मिली झाली असेल, तर ती लिटरला ५०० ग्रॅमची झाली. अशी रिंग तेलात साठ टक्के बुडते. एक बाजू साठ टक्के, उलटल्यावर दुसरी बाजू साठ टक्के, म्हणजे मधला भाग दोन्हीकडून तळला जातो आणि पट्टा पुसला जातो. तीच रिंग तेलात गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात आणखी फुगून १४० मिली झाली, तर ती त्रेचाळीस टक्केच बुडते. दोन्ही बाजूंच्या मध्ये तेरा-चौदा टक्के उंचीचा भाग तेलाला लागतच नाही, फक्त वाफेवर शिजतो. तो पांढरा राहतो. कंबरपट्टा म्हणजे हा न बुडालेला भाग.

यातून दोन गोष्टी निघतात. रिंग पुरती फुगलेली पाहिजे, आणि तेलात गेल्यावर तिला आणखी फुगायला सवड मिळाली पाहिजे. पहिलीसाठी माझी पद्धत सोपी आहे. रिंगा कापताना उरलेल्या पिठाचा छोटा गोळा सरळ उभ्या काचेच्या पेल्यात दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबर लावा. रिंगा फुगत असतात त्याच जागी पेला ठेवा. पीठ रबराच्या दुपटीच्या थोडं वर, सव्वादोनपटीवर आलं की तेल तापवायला घ्या, कारण तेल तापेपर्यंत ते आणखी थोडं वर येतंच. आपल्या बाजारातला साधा मैदा फार ताकदवान नसतो, त्याला तिपटीपर्यंत फुगवायला जाऊ नका. तसं केलं तर उचलतानाच रिंग बसते, तेलात सुरकुतते, आणि आतल्या मोठ्या भोकांत तेल शिरतं. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धाच भरून आला तर वेळ बरोबर. झटकन भरला तर थांबा. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. तेल दोनशेच्या जवळ असेल तर खालची साल दहाएक सेकंदांत कडक होते, रिंगला पुढे फुगता येत नाही, ती जड राहते आणि जास्त बुडते. पट्टा जातो, वरून रंग येतो, आत कच्चं. तेल दीडशे-पंचावन्नला घसरलं तर साल बनायलाच वेळ लागतो. रंग येईना म्हणून आपण रिंग तेलात जास्त वेळ ठेवतो, दोनदा-तीनदा उलटतो. प्रत्येक उलटण्यात पट्ट्याची एकेक कड रंगत जाते. वेळही वाढतो आणि तेलही वाढतं. माझ्या ५० ग्रॅमच्या रिंगेला १७४ ते १८० हे तापमान मानवतं, एका बाजूला ६० ते ७० सेकंद.

आता तुमच्या कढईचा हिशेब करू. तळताना एका रिंगेतून साधारण पाच ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं, आणि उरलेलं पीठही शंभर अंशांच्या जवळ तापावं लागतं. ही सगळी उष्णता तेलातून जाते. दीड लिटर तेलात एक रिंग सगळं मिळून सहा-सात अंश खाते. सहा रिंगा म्हणजे चाळीस अंश. खालची आच ते भरून काढते, पण तिला वेळ लागतो, आणि रिंगा मात्र उष्णता पहिल्या अर्ध्या मिनिटातच जास्त ओढतात, नेमक्या त्यांच्या फुगण्याच्या वेळी. म्हणून रिंगा टाकताना १८० ला असलेलं तेल मिनिटभरात १५५ च्या आसपास उतरतं. मग तुम्ही गॅस मोठा करता, आणि हा घाणा काढल्यावर रिकामं तेल आणि तापलेली जाड लोखंडी कढई मिळून १९५ वर चढतात. दुसरा घाणा तिथे पडतो, काळपट होतो, तुम्ही गॅस बारीक करता, आणि तिसरा घाणा पुन्हा खाली. कढई वाईट नाही ताई, मीही घरी तिच्यातच भजी करतो. पण तिचं पोट गोल असल्यामुळे कडेला तेल उथळ राहतं, आणि जाड लोखंड तुमचा हुकूम उशिरा ऐकतं.

गनबद्दलही दोन शब्द. ती फक्त वरच्या पातळ थराचं तापमान वाचते, आणि कढईच्या चकचकीत कडेवर किरण पडला तर भलताच आकडा देते. पंधराशे रुपये गनवर घालवण्यापेक्षा दांडीचं साधं थर्मामीटर घ्या. त्याचं टोक तेलाच्या मध्यावर राहील, बुडाला टेकणार नाही, असं काठाला अडकवा. नवं आणल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. मुंबईत १०० दाखवायला हवं. नाशिक, पुणे समुद्रापासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहेत, तिथे पाणी ९८ लाच उकळतं, म्हणून ९८ दिसलं तर बिघाड समजू नका.

मी तुमच्या जागी असतो तर २२ सेंटीमीटर रुंद, सपाट बुडाचं उभं पातेलं घेतलं असतं आणि त्यात अडीच लिटर तेल. साडेसहा सेंटीमीटर खोली मिळते, रिंग बुडाला टेकत नाही, आणि एका वेळी तीन रिंगा आरामात तरंगतात. तीनच. चौथीला जागा दिसते, पण ती टाकायची नाही. अडीच लिटरला एक रिंग चारेक अंश खाते, तिघी मिळून बारा, आणि मध्यम आच तेवढं सहज परत देते.

मागच्या महिन्यात एका शिकाऊ मुलीला दाखवताना मी आकडे पाटीवर लिहून ठेवले होते, तेच देतो. तेल १८२ ला आणलं, आच मोठी केली, आणि दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन रिंगा सोडल्या. एकदम सोडल्या असत्या तर घसरण एकाच झटक्यात झाली असती. वीस सेकंदांनी १७७, चाळीस सेकंदांनी १७४. तिथून आकडा वळला. पहिली रिंग ६५ सेकंदांना उलटली तेव्हा १७५ होता. तिसरी उलटल्याबरोबर आच मध्यमवर आणली, कारण दुसऱ्या बाजूला पाणी कमी जातं आणि तेल लवकर चढतं. पहिली बाहेर काढली तेव्हा १७८, तिसरी निघाली तेव्हा १८१. पुढच्या घाण्याआधी काहीच करावं लागलं नाही, फक्त पुन्हा आच मोठी. अठरा रिंगांचे सहा घाणे झाले, आणि सगळ्या वेळात तेल १७३ ते १८३ च्या बाहेर गेलं नाही. सहाव्या घाण्याचा पट्टा पहिल्याएवढाच रुंद होता. यात युक्ती एकच, की आच बदलायची ती आकडा बिघडल्यावर नाही, रिंगेकडे बघून, वीस सेकंद आधी.

आधीच्या सवयी मोडाव्या लागतील. पुरी तळताना आपण झाऱ्याने तिच्यावर तेल उडवतो, म्हणजे ती टम्म फुगते. डोनटवर हे केलं की पट्टा गेलाच. झाऱ्याने दाबायचंही नाही. रिंग टाकली की हात मागे. एकदाच उलटायची, चॉपस्टिकने किंवा सुरीच्या मागच्या टोकाने कडेला हलकं उचलून. उलटताना ती स्वतःच परत पहिल्या बाजूवर लोळली, तर ती पुरेशी फुगलेली नाही किंवा एका बाजूला जड झाली आहे.

कुठली बाजू आधी, हेही महत्त्वाचं. फुगताना वर असलेली गोलसर बाजू आधी तेलात गेली पाहिजे. रिंगा चौकोनी कापलेल्या लोणी-कागदावर फुगवा, कागदासकट हातात घ्या, तेलाजवळ नेऊन कागद वर आणि रिंग खाली अशी अलगद सोडा. काही सेकंदांत कागद सुटतो, चिमट्याने काढून घ्या. बोटाने उचलली की खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यात तेल साठतं. तळाला लागलेलं कोरडं पीठ ब्रशने झाडायला विसरू नका, ते तेलात जळून तेल काळं करतं.

व्हिएन्नामध्ये कार्निव्हलच्या दिवसांत भरलेले गोल क्राप्फेन करतात, तिथे पांढरा पट्टा नसलेला क्राप्फेन चांगला मानत नाहीत. तिथली जुनी पद्धत अशी की पहिली बाजू तळताना पातेल्यावर झाकण ठेवायचं. आत वाफ कोंडते, वरची बाजू ओली आणि लवचीक राहते, त्यामुळे रिंग किंवा गोळा जास्त उंच फुगतो. दुसरी बाजू उघडी तळायची. मी ही पद्धत भरलेल्या डोनटसाठी वापरतो, रिंगेला गरज पडत नाही. केलंत तर झाकण उचलताना सरळ बाजूला न्या, तिरकं करू नका. आतल्या बाजूचं पाणी तेलात पडलं तर तेल हातावर उडतं.

आता तेल पिण्याबद्दल, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकीची आहे. रिंग तेलात असताना तिच्यातून वाफ बाहेर रेटत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. मोठं पिणं होतं ते बाहेर काढल्यानंतर. साल गार होऊ लागते, तिच्या बारीक भोकांमधली वाफ पाणी होते, जागा रिकामी होते, आणि सालीवर चिकटलेलं तेल त्या जागेत ओढलं जातं. म्हणून बाहेर आल्यावरची पहिली पंधरा-वीस सेकंदं तळणाच्या दोन मिनिटांइतकीच महत्त्वाची. झाऱ्यावर रिंग उभी करा, पातेल्याच्या वरच पाच-सहा सेकंद धरा. तिथे तेल गरम आणि पातळ असतं, भराभर निथळतं. मग टिपकागदावर दोन्ही बाजू एकदा टेकवा आणि लगेच जाळीवर. कागदावरच ठेवून दिली तर खालची बाजू ओलसर होते, आणि एकावर एक रचल्या तर सगळ्याच मऊ पडतात. तुमचे पुढचे घाणे बिघडायचं एक कारण हेही असेल, की पहिल्या घाण्याच्या वेळी हात मोकळा असतो आणि नंतर आपण घाईत थेट ताटात टाकतो.

फरक पडला की नाही हे जिभेवर सोडू नका, वजन करा. गार तेलासकट पातेलं तळण्याआधी वजनकाट्यावर ठेवा, आणि तळून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा. रिंगांमधलं पाणी वाफ होऊन जातं, ते या वजनात येत नाही, म्हणून जेवढं वजन घटलं तेवढं तेल रिंगांनी नेलं. ५० ग्रॅमच्या एका रिंगेमागे सहा-सात ग्रॅम घटले तर छान आहे. दहा-बाराच्या पुढे गेले तर तेल गार पडतंय किंवा निथळत नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा माझ्याकडे रिंगेमागे तेरा ग्रॅम येत होते, आणि महिन्याचं तेलाचं बिल तेव्हा कुठे समजलं.

काही गोष्टी तुमच्या पाककृतीवर अवलंबून आहेत, तिथे माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पिठात साखर, दूध पावडर किंवा अंडं जास्त असेल तर रंग लवकर धरतो. अशा वेळी मध्य १७० वर आणा आणि वेळ दहा-पंधरा सेकंद वाढवा. गोळा भरण्यासाठी बिनभोकाचा, साठ-सत्तर ग्रॅमचा असेल, तर १६५ ते १७० आणि एका बाजूला दोन मिनिटांच्या वर. आतली खात्री थर्मामीटरच्या टोकाने करा, मध्ये ९३ ते ९६ आलं की शिजलं. हेच कच्च्या पोटवाल्यांचंही औषध.

तेल कुठलं, याचंही थोडं. सोयाबीन, सूर्यफूल, राइस ब्रान, रिफाइन्ड काहीही चालेल. घाण्याचं शेंगदाणा तेल मला आवडतं, पण डोनटला नाही, वास वर येतो. मोठ्या कंपन्यांचे डोनट हाताला कोरडे लागतात, त्यात त्यांच्या तळणीच्या फॅटचाही भाग असतो. ते घरातल्या तापमानाला गोठतं, तेलासारखं बोटाला लागत नाही. घरच्या पातळ तेलात तळलेला डोनट त्यांच्याइतका कोरडा वाटणार नाही, तेवढा फरक मान्य करूनच चला. वनस्पती तुपात तळलं तर हात कोरडा राहतो, पण टाळूवर मेणाचा थर बसतो. मी नाही वापरत.

आणि जुनं तेल. तेल थकलं की वर बारीक फेस धरतं, तो लवकर विरत नाही, आणि अशा तेलात आकडा बरोबर असला तरी डोनट जास्त पितो, कारण थकलेलं तेल ओल्या पिठाला जास्त चिकटतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही. घरच्यासाठी मी सांगेन की डोनटचं तेल गाळून तीन-चार वेळा वापरा, आणि त्यात मासे किंवा भजी तळली असतील तर डोनटला आणूच नका.

उद्या करून बघायचं असेल तर सगळ्या रिंगा एकदम नका तळू. तेल १८० ला आलं की एकच रिंग सोडा, आच न बदलता. पट्टा आला का, ६५ सेकंदांना रंग कसा आहे, आकडा किती उतरला, एवढं लिहून घ्या. एका रिंगेला पट्टा आला नाही तर तापमानाला हात लावू नका, पेल्यातलं पीठ बघा आणि बाकीच्या रिंगांना आणखी दहा मिनिटं द्या. एकीला आला आणि तिघींना नाही, तर मात्र दोष आचेचा. कढईच वापरणार असाल तर दीड लिटरला दोनच रिंगा.